परकीय चलनातील देणग्यांची हिशेबनोंद

परकीय चलनातील देणग्यांची हिशेबनोंद ही एकापेक्षा अधिक देशांतील दात्यांकडून मदत स्वीकारणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या जमाखर्चातील एक पद्धत आहे. अशा संस्थेकडे डॉलर, युरो, पौंड, येन अशा निरनिराळ्या चलनांत रकमा येतात. मात्र वार्षिक हिशेब एकाच चलनात मांडावा लागतो. म्हणून प्रत्येक देणगी ज्या दिवशी प्राप्त झाली त्या दिवसाच्या विनिमय दराने संस्थेच्या हिशेबाच्या चलनात रूपांतरित करून नोंदली जाते. एकदा नोंदलेली ही रक्कम पुढे दर चढला किंवा उतरला तरी देणगी म्हणून बदलली जात नाही. शिल्लक परकीय चलनाच्या मूल्यात नंतर होणारी वाढ किंवा घट 'विनिमय फरक' या वेगळ्या शीर्षाखाली दाखवली जाते.

या विभागणीमागे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दात्यांनी किती दिले, हा पहिला प्रश्न. संस्थेच्या हाती आज किती आहे, हा दुसरा. दर सतत बदलत असल्यामुळे या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा सारखी नसतात. दोन्ही उत्तरे एकाच आकड्यात मिसळली, तर चलनबाजारातील योगायोगाने झालेला लाभ दात्यांच्या औदार्यात गणला जातो किंवा परकीय चलन बाळगल्याने झालेला तोटा देणग्यांच्या आकड्याआड लपतो.

## पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेत प्रमुख चलनांचे दर डॉलरशी बांधलेले होते. त्यामुळे वर्षभरातील सर्व देणग्या एकाच दराने रूपांतरित केल्या तरी एरवी मोठी चूक होत नसे. अपवाद अवमूल्यनाच्या दिवसांचा होता. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलरचा अधिकृत दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. आदल्या दिवशी मिळालेल्या एक हजार डॉलरांचे ४,७६० रुपये होत होते. त्याच रकमेचे त्या दिवसापासून ७,५०० रुपये होऊ लागले. अशा वर्षात देणगी कोणत्या दिवशी मिळाली हे नोंदल्याशिवाय रुपयांतील एकूण आकड्याला अर्थ उरत नाही.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरचे सोन्यात रूपांतर थांबवले आणि १९७३ मध्ये प्रमुख चलनांचे दर तरते झाले. त्यानंतर दर दररोज बदलू लागले आणि एरवी अपवादात्मक असलेली अडचण नित्याची झाली. परकीय चलनाच्या नोंदीविषयीचे आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २१ हे १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. भारतातील लेखामानक एएस ११, ब्रिटनमधील एफआरएस १०२ चे तिसावे प्रकरण आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था वापरतात ते आयपीसास ४ यांतील मूळ नियम सारखाच आहे. व्यवहाराची पहिली नोंद व्यवहाराच्या दिवशीच्या दराने होते. वर्षअखेरीस हाती असलेले परकीय चलन वर्षअखेरीच्या दराने मांडले जाते आणि या दोहोंतील अंतर विनिमय नफा किंवा तोटा ठरते.

## प्राप्तीचा दिवस

नियम सोपा असला तरी देणगी नेमकी कोणत्या दिवशी मिळाली हे ठरवणे प्रत्येक वेळी सोपे नसते. बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या बाबतीत दात्याने पैसे पाठवल्याचा दिवस आणि ते संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचा दिवस यांत काही दिवसांचे अंतर पडू शकते. अशा वेळी खात्यात जमा झाल्याचा दिवस धरण्याची प्रथा आहे, कारण त्याला बँकेच्या उताऱ्याचा पुरावा असतो.

संकेतस्थळावरून कार्डाद्वारे आलेल्या देणग्यांत तीन दिवस संभवतात. दात्याच्या कार्डावर रक्कम पडते तो पहिला दिवस, मध्यस्थ कंपनीकडील संस्थेच्या खात्यात ती दिसते तो दुसरा आणि त्या कंपनीने आठवडाभराच्या देणग्या एकत्र करून बँकेत पाठवल्या तो तिसरा. तिसरा दिवस धरणे हिशेबनीसाला सोयीचे वाटते, कारण बँकेच्या उताऱ्यावर एकच ओळ असते. मात्र त्या ओळीत शेकडो दात्यांच्या रकमा मिसळलेल्या असतात आणि मध्यस्थाचे शुल्कही वजा झालेले असते. त्यामुळे मध्यस्थाचा तपशीलवार अहवाल उतरवून घेऊन प्रत्येक देणगी तिच्या तारखेला पूर्ण रकमेने नोंदली जाते आणि शुल्क खर्चाच्या बाजूस दाखवले जाते. शंभर डॉलर देणाऱ्या दात्याची देणगी शंभर डॉलरच असते. मध्यस्थाने त्यातून तीन डॉलर घेतले, तर तो संस्थेचा देणगी जमवण्याचा खर्च ठरतो.

वचनबद्ध देणग्यांचा प्रकार वेगळा आहे. उपार्जित पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला बिनशर्त लेखी वचन मिळाले, तर रक्कम हाती येण्यापूर्वीच ती येणे म्हणून नोंदवावी लागू शकते. मग देणगीचा दर हक्क निर्माण झाल्याच्या दिवसाचा असतो आणि प्रत्यक्ष पैसे येईपर्यंत दरात पडलेला फरक विनिमय फरकात जातो. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या लहान संस्थांत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे पैसे आल्याचा दिवस हाच प्राप्तीचा दिवस असतो.

## दराची निवड

एकाच दिवशी एकाच चलनाचे अनेक दर असतात. बँक परकीय चलन विकत घेते तो दर, ते विकते तो दर आणि या दोहोंच्या दरम्यानचा मध्यदर हे वेगवेगळे असतात. संस्था सहसा एखाद्या त्रयस्थ यंत्रणेने प्रसिद्ध केलेला संदर्भ दर निवडतात. युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी दुपारी युरोचे संदर्भ दर जाहीर करते. भारतात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे रुपयांतील संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढत असे. जुलै २०१८ पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे आहे. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दर प्रसिद्ध होत नाही. अशा दिवशी आलेल्या देणगीला लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर लावायचा की नंतरच्या, हे संस्थेच्या लेखाधोरणात लिहून ठेवलेले असते. दोन्ही मार्ग ग्राह्य आहेत. अग्राह्य आहे ते सोयीनुसार कधी एक, कधी दुसरा वापरणे.

रोज शेकडो लहान देणग्या येत असतील, तर आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दर वापरण्यास आयएएस २१ आणि एएस ११ ही दोन्ही मानके मुभा देतात. त्या काळात दरात मोठे चढउतार झालेले नसावेत, एवढी अट असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था राष्ट्रसंघाच्या कोषागाराने ठरवलेला कार्यकारी दर वापरतात. तो सामान्यतः महिन्याच्या हिशेबाने निश्चित होतो.

ही अट महत्त्वाची का आहे, हे २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी झालेल्या सार्वमतावरून दिसते. मतदान संपताना पौंड १.५० डॉलरच्या आसपास होता. मतमोजणीच्या रात्री तो १.३३ डॉलरच्याही खाली गेला. पौंडात हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला १५,००० डॉलरची देणगी १.५० या दराने १०,००० पौंडांची भरते, तर १.३३ या दराने सुमारे ११,२७८ पौंडांची. त्या महिन्याचा सरासरी दर या दोहोंच्या मधला येतो आणि मतदानाआधीच्या किंवा नंतरच्या कोणत्याच देणगीचे खरे मूल्य दाखवत नाही. अशा महिन्यात सरासरी सोडून रोजच्या दराकडे वळावे लागते.

## उदाहरण

पुढील उदाहरणातील संस्था व दर काल्पनिक आहेत. संस्था ब्रिटनमध्ये असून तिचे हिशेब पौंडांत आहेत. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे आहे. वर्षभरात तिला तीन देणग्या मिळाल्या.

| प्राप्तीचा दिवस | देणगी | त्या दिवशीचा दर | नोंदलेली रक्कम |
|---|---|---|---|
| १२ मे | १०,००० अमेरिकी डॉलर | ०.८० पौंड | ८,००० पौंड |
| ३ सप्टेंबर | ५,००० युरो | ०.८६ पौंड | ४,३०० पौंड |
| २० जानेवारी | २,००० कॅनडियन डॉलर | ०.५८ पौंड | १,१६० पौंड |
| एकूण देणग्या | | | १३,४६० पौंड |

युरो आले त्याच दिवशी संस्थेने ते बँकेला विकले. बँकेने संदर्भ दराऐवजी ०.८५ हा स्वतःचा खरेदी दर लावला आणि वर १० पौंड शुल्क घेतले. ५,००० युरोंचे ४,२५० पौंड झाले आणि शुल्क वजा जाता ४,२४० पौंड खात्यात आले. देणगी ४,३०० पौंडांचीच राहिली. ५० पौंड विनिमय तोटा आणि १० पौंड बँक शुल्क म्हणून नोंदले गेले.

अमेरिकी डॉलर संस्थेने डॉलर खात्यातच ठेवले. १० ऑक्टोबर रोजी परदेशातील एका प्रकल्पासाठी त्यांपैकी ६,००० डॉलर खर्च झाले. त्या दिवशीचा दर ०.७७ होता, म्हणून प्रकल्पखर्च ४,६२० पौंड नोंदला गेला. हेच ६,००० डॉलर मे महिन्यात ४,८०० पौंडांना नोंदलेले होते. अंतराचे १८० पौंड विनिमय तोट्यात गेले.

३१ मार्च रोजी डॉलर खात्यात ४,००० डॉलर उरले होते. वर्षअखेरीच्या ०.७९ या दराने त्यांचे ३,१६० पौंड झाले. मूळ नोंद ३,२०० पौंडांची असल्याने ४० पौंड तोटा झाला. २,००० कॅनडियन डॉलरांचे ०.५७ या दराने १,१४० पौंड झाले. येथे २० पौंड तोटा झाला.

वर्षाचा हिशेब असा जुळतो. देणग्या १३,४६० पौंड. त्यातून प्रकल्पखर्च ४,६२०, बँक शुल्क १० आणि विनिमय तोटा ५०, १८०, ४० व २० मिळून २९० पौंड वजा केले की ८,५४० पौंड उरतात. ताळेबंदात पौंड खात्यातील ४,२४०, अमेरिकी डॉलरांचे ३,१६० आणि कॅनडियन डॉलरांचे १,१४० मिळून तेवढेच ८,५४० पौंड दिसतात.

याच संस्थेने तिन्ही देणग्या वर्षअखेरीच्या दराने मांडल्या असत्या आणि त्या दिवशी युरो ०.८४ पौंडांना असता, तर देणग्यांचा आकडा ७,९००, ४,२०० व १,१४० मिळून १३,२४० पौंड आला असता. दात्यांनी दिलेल्यापैकी २२० पौंड हिशेबातून नाहीसे झाले असते. दर उलट दिशेने हलले असते, तर कोणीही न दिलेली रक्कम देणगी म्हणून प्रकट झाली असती. वर्षअखेरीच्या दराने होणारे हे रूपांतर सप्टेंबरमध्येच विकून टाकलेल्या युरोंनाही मार्च महिन्याचा दर लावते, ही त्यातील दुसरी विसंगती आहे.

## विनिमय फरक आणि विशिष्ट हेतूचा निधी

दात्याने रक्कम ठरावीक कामासाठी दिली असेल, तर विनिमय फरकाचा प्रश्न केवळ मांडणीचा राहत नाही. वरील उदाहरणातील १०,००० डॉलर एखाद्या गावातील पाणीयोजनेसाठी दिलेले आहेत असे मानले, तर संस्थेच्या हिशेबात त्या योजनेचा ८,००० पौंडांचा निधी उभा राहतो. डॉलर उतरल्यावर त्या निधीत प्रत्यक्षात ८,००० पौंड उरत नाहीत. फरक सामान्यतः ज्या निधीकडे ते चलन आहे त्याच निधीत दाखवला जातो, म्हणजे पाणीयोजनेचा निधी तेवढ्याने घटलेला दिसतो. संस्थेने ती तूट आपल्या सर्वसाधारण निधीतून भरून काढायची ठरवली, तर एका निधीतून दुसऱ्या निधीत केलेले हस्तांतर म्हणून ते स्पष्टपणे लिहिले जाते. अन्यथा सर्वसाधारण कामासाठी पैसे दिलेल्या दात्यांना आपल्या देणगीने दुसऱ्या कामातील चलनतोटा भरला गेल्याचे कळत नाही.

खर्चही डॉलरमध्येच होणार असेल, तर डॉलर बाळगल्याने योजनेचे काम थांबत नाही. पौंडांतील आकडा उतरला तरी तेवढ्याच डॉलरांत तेवढेच नळ बसतात. याउलट खर्च तिसऱ्याच चलनात असेल, तर धोका खरा असतो. त्यामुळे अनेक संस्था देणगी मिळताच तिचे खर्चाच्या चलनात रूपांतर करतात. यामुळे पुढील चढउतार टळतात. प्राप्तीच्या दिवसाची मूळ नोंद मात्र बदलत नाही.

परदेशी समभाग किंवा वस्तू यांच्या रूपाने देणगी मिळाली, तर तिचे त्या दिवसाचे मूल्य त्या दिवसाच्या दराने रूपांतरित होते. मूळ किमतीला ठेवलेल्या वस्तूंचे वर्षअखेरीस पुन्हा रूपांतर केले जात नाही. वर्षअखेरीचा दर रोख, बँकशिल्लक आणि येणे-देणे यांनाच लागतो.

## एकूण आकडा जाहीर करताना

हिशेब बरोबर असूनही त्यावरून केलेले विधान दिशाभूल करणारे असू शकते. एखाद्या संस्थेला गेल्या वर्षी १०,००० डॉलर मिळाले आणि दर ०.८० होता, या वर्षीही १०,००० डॉलरच मिळाले, पण दर ०.७५ होता. पौंडांतील देणग्या ८,००० वरून ७,५०० वर आल्या. दोन्ही आकडे खरे आहेत, तरी 'दात्यांचा प्रतिसाद घटला' हे विधान खोटे आहे. म्हणून एकूण आकड्यासोबत मूळ चलनांतील रकमांचे कोष्टक दिले जाते. काही अहवालांत गेल्या वर्षीचाच दर या वर्षीच्या रकमांना लावून एक पूरक तुलना मांडतात. ही तुलना उपयुक्त असते. मात्र ती वार्षिक हिशेबातील आकड्याची जागा घेऊ शकत नाही आणि तसे शेजारी लिहिलेले असावे लागते.

निधिसंकलनाच्या मोहिमेत हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. जमलेल्या रकमेचा फलक रोजच्या दराने सर्व देणग्या पुन्हा मोजत असेल, तर एकही नवी देणगी न येता आकडा वाढतो किंवा कमी होतो. प्रत्येक देणगी तिच्या दिवसाच्या दराने गोठवली, तर फलकावरील आकडा केवळ नव्या देणगीने किंवा परत केलेल्या देणगीने हलतो आणि पुढे वार्षिक हिशेबाशी जुळवता येतो. दात्याला दिलेल्या पावतीवर मूळ चलनातील रक्कम, तारीख, लावलेला दर आणि हिशेबाच्या चलनातील रक्कम अशा चारही बाबी असल्या, तर दाता स्वतःच तो दर पडताळून पाहू शकतो.

विनिमय फरक लहान असला की तो 'इतर उत्पन्न' किंवा 'किरकोळ खर्च' यांत मिसळण्याचा मोह होतो. नफा देणग्यांत मिळवणे आणि तोटा प्रशासकीय खर्चात टाकणे ही त्याची अधिक गंभीर रूपे आहेत. पहिल्याने संस्था अधिक लोकप्रिय दिसते. दुसऱ्याने चलन बाळगण्याचा निर्णय कोणी व का घेतला हा प्रश्न विचारलाच जात नाही.

## चुकांच्या खुणा

या नोंदीतील चुका बहुधा खतावणीतच दिसून येतात. परकीय चलनाच्या प्रत्येक खात्याला दोन स्तंभ असतात: एक मूळ चलनाचा, दुसरा हिशेबाच्या चलनाचा. मूळ चलनाच्या स्तंभातील शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी शेवटच्या सेंटपर्यंत जुळली पाहिजे. येथे दराचा संबंधच नसल्याने फरकाला सबब उरत नाही. तो आढळला, तर एखादी नोंद राहिली आहे किंवा शुल्क वजा जाता उरलेली रक्कमच देणगी म्हणून लिहिली आहे, असे समजते.

दुसरी खूण दरातच असते. प्रत्येक नोंदीतील हिशेबाच्या चलनाची रक्कम मूळ रकमेने भागली की लावलेला दर बाहेर येतो. वर्षभराच्या नोंदींत एकच दर निघाला, तर प्राप्तीच्या दिवसाचा दर वापरलेलाच नाही. बहुतेक नोंदी संदर्भ दराशी जुळत असून एखादीच वेगळी निघाली, तर तारीख चुकली आहे किंवा भागण्याऐवजी गुणले गेले आहे. एका पौंडाचे किती डॉलर आणि एका डॉलरचे किती पौंड या दोन रीतींची गल्लत ही सर्वांत नेहमीची चूक आहे. दर एकच्या जवळ असेल, तर ती नजरेतूनही सुटते.

तिसरी खूण वर्षाच्या शेवटच्या दिवशी सापडते. देणगीखात्यात ३१ मार्च तारखेची, दात्याचे नाव नसलेली आणि मूळ चलनाचा स्तंभ रिकामा असलेली नोंद दिसली, तर ती बहुधा विनिमय फरकाची असून चुकीच्या खात्यात गेलेली असते.

## भारतातील तरतुदी

भारतातील संस्थांना परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजेच एफसीआरए या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियुक्त खात्यातच घ्यावी लागते. त्या खात्यात अन्य कोणतीही रक्कम भरता येत नाही. बँक परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर करून रक्कम जमा करते. त्यामुळे बहुतेक भारतीय संस्थांकडे परकीय चलनाची शिल्लक राहत नाही आणि वर्षअखेरीच्या रूपांतराचा प्रश्न उरत नाही.

उरतो तो वाटेत कापल्या जाणाऱ्या शुल्काचा. बँकांमधील संदेशात शुल्क कोणी सोसायचे हे `OUR`, `SHA` किंवा `BEN` या संकेतांनी दर्शवलेले असते. `OUR` असेल तर पाठवणारा, `BEN` असेल तर घेणारा आणि `SHA` असेल तर दोघे मिळून शुल्क सोसतात. समजा, लंडनहून एका ब्रिटिश नागरिकाने `SHA` संकेताने १,००० पौंड पाठवले, वाटेतील बँकेने ८ पौंड कापले आणि दिल्लीत ९९२ पौंडांचे १०५ रुपये या दराने १,०४,१६० रुपये झाले. दात्याच्या लेखी देणगी १,००० पौंडांची, म्हणजे त्या दराने १,०५,००० रुपयांची आहे. बँकेच्या उताऱ्यावर मात्र ८४० रुपये कमी दिसतात. खात्यात जमा झालेली रुपयांतील रक्कम नोंदीचा आधार ठरते आणि पूर्ण रक्कम दाखवायची असल्यास कपातीचा बँकेचा पुरावा जोडून ८४० रुपये शुल्क म्हणून लिहावे लागतात. दात्याला पाठवलेल्या पत्रात दोन्ही आकडे दिले, तर पुढील गैरसमज टळतो.

परदेशी देणग्यांचे वार्षिक विवरण एफसी-४ या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत सादर करायचे असते. या कायद्यात देणगीचे चलन निर्णायक नसते. देणारा परदेशी स्रोत आहे की नाही हे पाहिले जाते. परदेशी नागरिकाने भारतात रुपयांत दिलेली देणगीही विदेशी अंशदान ठरते. उलट, भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले डॉलर विदेशी अंशदान ठरत नाहीत. तीच व्यक्ती अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिक झाल्यानंतर, तिच्याकडे ओसीआय पत्र असले तरी, तिची देणगी विदेशी अंशदानात मोडते. परदेशस्थ मराठी कुटुंबांकडून मदत घेणाऱ्या महाराष्ट्रातील न्यासांना त्यामुळे दात्याच्या पत्त्यासोबत त्याचे नागरिकत्वही नोंदवून ठेवावे लागते. या दोन प्रकारच्या देणग्या एकाच 'परदेशातून आलेल्या' आकड्यात मिळवल्या, तर तो आकडा एफसी-४ मधील विवरणाशी जुळत नाही. विदेशी अंशदानावर मिळालेले व्याजही कायद्याने विदेशी अंशदानच मानले जाते. संस्थेच्या हिशेबात मात्र ते देणगी म्हणून नव्हे, तर व्याज म्हणून दिसते.

## मर्यादा

प्राप्तीच्या दिवसाचा दर ही पद्धत विश्वासार्ह दर उपलब्ध असल्याचे गृहीत धरते. जेथे अधिकृत दर आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा दर यांत मोठी दरी असते, तेथे हे गृहीतक कोसळते. अर्जेंटिनात डिसेंबर २०२३ मध्ये डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ पेसोंवरून एकदम ८०० पेसोंवर नेण्यात आला. त्यापूर्वीही समांतर बाजारातील दर अधिकृत दराच्या दुपटीहून अधिक होता. पेसोंत हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला मिळालेल्या हजार डॉलरांचे मूल्य कोणत्या दराने धरले यावर वर्षाचे संपूर्ण चित्र अवलंबून राहते. चलनाचे रूपांतर करणे शक्य नसते अशा परिस्थितीसाठी आयएएस २१ मध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झाली. तीनुसार अशा वेळी दराचा अंदाज करावा लागतो आणि तो कसा केला हे हिशेबासोबतच्या टिपांत सांगावे लागते.

स्थिर चलनांच्या बाबतीतही ही पद्धत देणगीची खरेदीशक्ती दाखवत नाही. मे महिन्यात ८,००० पौंडांची म्हणून नोंदलेली देणगी खर्चाच्या ठिकाणी किती सिमेंट, किती औषधे किंवा किती पगार पुरवील हे तेथील भाववाढीवर अवलंबून असते. प्राप्तीच्या दिवसाची नोंद एवढेच सांगते की दात्याने दिले तेव्हा त्या रकमेचे मूल्य किती होते. नंतरचे चढउतार विनिमय फरकाच्या ओळीत आणि प्रत्यक्ष कामावरील खर्चात शोधावे लागतात.

परकीय चलन
विनिमय दर
लेखामानक
धर्मादाय संस्था